‘पांढरकवडा’ फोल्डरचं ‘केळापूर’ करताना

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर नावाचा तालुका आहे आणि त्याचं मुख्यालय पांढरकवडा. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून बोलताना लोक तालुक्यालाही पांढरकवडाच म्हणतात. सरकारी कागदावर मात्र तालुका केळापूर असतो. या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने कापसाच्या सापळ्यांचे फोटो साठवायला सुरुवात केली, तेव्हा फोटोंच्या नावात तालुका म्हणून `pandharkawada` लिहिलं गेलं. तीन हंगाम ते तसंच चाललं. मग कृषी विभागाला द्यायच्या तक्त्याशी नावं जुळेनात, आणि कार्यालयातला संगणक सांभाळणाऱ्या ताईंना सांगण्यात आलं, ‘फोल्डरचं नाव बदलून टाका.’

त्या एका वाक्यातून पुढे जे घडलं, ते इथे नीट मांडतो. मी या कंपनीच्या सर्व्हरचं काम बाहेरून पाहतो. कंपनीचं नाव देत नाही आणि आकडे सोयीसाठी ढोबळ केलेले आहेत, पण हिशोब तोच आहे.

काय साठवलं होतं

गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला कापसात कामगंध सापळे लावतात. लागवडीला दीड महिना झाला की सापळे लागतात, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात रात्रीला ८ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायची वेळ आली असं धरतात. कंपनीचे या तालुक्यात ६० गावांत मिळून ६०० सापळे आहेत. शेतकरी रोज सकाळी पतंग मोजून लिहून ठेवतो. कृषिमित्र आठवड्यातून दोनदा शेतावर जातो, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर रात्रींचे आकडे भरतो आणि तीन फोटो काढतो.

प्रत्येक भेटीच्या सात वस्तू साठवणीत जातात: तीन मूळ फोटो, त्यांच्या तीन लहान प्रती आणि आकड्यांची एक छोटी फाइल. २० आठवड्यांच्या हंगामात २४,००० भेटी होतात, म्हणजे १,६८,००० वस्तू. २०२२ आणि २०२३ चे दोन पूर्ण हंगाम आणि २०२४ चा अर्धा मिळून ४,२०,००० वस्तू झाल्या होत्या. मूळ फोटो सरासरी अडीच एमबीचा, त्यामुळे सगळं मिळून साधारण ४५० जीबी. हे सगळं अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, मुंबई रीजनमधल्या एका बकेटमध्ये होतं.

एका फोटोचं नाव हंगाम, जिल्हा, तालुका, गाव, सापळा, तारीख अशा क्रमाने असं दिसायचं:

```
kharif-2023/yavatmal/pandharkawada/v041/t07/0912-1.jpg
```

फोल्डर दिसतो, पण असत नाही

आपल्या संगणकाच्या डिस्कवर फोल्डर ही खरी नोंद असते. फाइल सिस्टीम त्या फोल्डरला एक क्रमांक देते, त्याच्या आतल्या फाइली त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात, आणि नाव ही त्या क्रमांकावर चिकटवलेली एक चिठ्ठी असते. नाव बदललं की तेवढी एक नोंद बदलते. आत दहा फाइली असोत वा दहा लाख, काम तेवढंच आणि क्षणात होणारं.

एस-थ्रीमध्ये अशी नोंदच नाही. २००६ साली ही सेवा सुरू झाली तेव्हापासून तिची रचना सपाट आहे: एक बकेट, आणि त्यात वस्तू. प्रत्येक वस्तूला एक नाव, ज्याला ‘की’ म्हणतात. वरच्या उदाहरणातली अख्खी ओळ, `kharif` पासून `.jpg` पर्यंत, ही एकाच वस्तूची एकच की आहे. तिच्यातली तिरकी रेघ हे इतर अक्षरांसारखंच एक अक्षर आहे. साठवणीच्या दृष्टीने `/` आणि `k` यांच्यात फरक नाही.

मग पडद्यावर फोल्डर कुठून येतात? ते यादी मागताना तयार होतात. यादी मागताना दोन गोष्टी सांगता येतात: नाव कशाने सुरू व्हावं, तो प्रीफिक्स, आणि त्यानंतर कोणत्या खुणेपाशी नाव कापून गट करावा, तो डिलिमिटर.

```
aws s3api list-objects-v2 --bucket sapla-photo \
  --prefix kharif-2023/yavatmal/ --delimiter /
```

याचं उत्तर देताना एस-थ्री त्या प्रीफिक्सने सुरू होणारी नावं पाहतं, पुढच्या `/` पर्यंतचा भाग घेतं, सारखे भाग एकत्र करतं आणि `CommonPrefixes` या मथळ्याखाली `kharif-2023/yavatmal/pandharkawada/` असं परत देतं. ब्राउझरमधलं कन्सोल त्याच्यापुढे फोल्डरचं चित्र काढतं. ते चित्र म्हणजे त्या घडीला त्या अक्षरांनी सुरू होणारी निदान एक वस्तू आहे, एवढीच बातमी. शेवटची वस्तू गेली की फोल्डर आपोआप नाहीसा होतो, आणि पुन्हा एक वस्तू त्या नावाने आली की आपोआप उगवतो.

‘पण कन्सोलमध्ये नवा फोल्डर करायचं बटण आहे की,’ असं ताईंनी विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. ते बटण शून्य बाइटची, `/` ने संपणाऱ्या नावाची एक वस्तू ठेवतं, म्हणजे रिकामा फोल्डरही दिसत राहतो. त्या वस्तूचा बाकीच्या वस्तूंशी काही संबंध नसतो. ती पुसली तरी ‘आतल्या’ वस्तूंना धक्का लागत नाही.

कापसाच्या गाठींनी भरलेलं उघडं आवार डोळ्यांसमोर आणा. खोल्या नाहीत, कप्पे नाहीत, आणि प्रत्येक गाठीवर जिल्हा, तालुका, गाव, क्रमांक असा पूर्ण पत्ता शाईने छापलेला आहे. ‘पांढरकवड्याची खोली’ कुठेच नाही, म्हणून तिच्या दारावरची पाटी बदलता येत नाही. पत्ता बदलायचा तर प्रत्येक गाठीपाशी जावं लागणार.

त्यातही एस-थ्रीच्या साध्या बकेटमध्ये असलेल्या वस्तूवरची छापील कीदेखील बदलता येत नाही. नव्या कीने त्या वस्तूची पूर्ण प्रत करायची (`CopyObject`) आणि जुनी पुसायची (`DeleteObject`), एवढाच मार्ग आहे. एखादा प्रोग्राम ‘रिनेम’ असं बटण दाखवतो तेव्हा पडद्यामागे हेच दोन हुकूम प्रत्येक वस्तूसाठी सुटत असतात. `aws s3 mv --recursive` ही आज्ञाही तेच करते.

त्या रात्री

कन्सोलमध्ये फोल्डरचं नाव बदलायची सोय सापडली नाही, म्हणून ताईंनी डेस्कटॉपवरचा एक प्रोग्राम वापरला. त्यात बकेट अगदी संगणकाच्या ड्राइव्हसारखी दिसते, आणि उजव्या क्लिकवर रिनेम येतं. हंगामाचं वर्ष नावात आधी येत असल्यामुळे ‘पांढरकवडा’ तीन ठिकाणी होता, म्हणून तिन्ही कामं रांगेत लावली: चालू हंगाम आधी, मग २०२३, मग २०२२. रात्री नऊला सुरू केलं आणि संगणक चालू ठेवून त्या घरी गेल्या. त्यांच्या जागी कुणीही हेच केलं असतं. पडद्यावर जे दिसत होतं ते बघून दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं.

आता वेळेचा हिशोब. एक प्रत करायला साधारण ०.१५ सेकंद आणि एक पुसायला ०.१ सेकंद लागत होते. फोटो मुंबईतल्या मुंबईतच हलतात, यवतमाळच्या लाइनीवरून जात नाहीत. पण प्रत्येक वस्तूचा हुकूम कार्यालयातून जातो आणि उत्तर कार्यालयात येतं. एकामागून एक केलं तर ४,२०,००० वस्तूंना २९ तास. प्रोग्राम एका वेळी चार वस्तू हाताळत होता, म्हणून सेकंदाला १६ आणि एकूण सव्वासात तास. पहाटेपर्यंत संपलं असतं.

परतीच्या पावसाचे दिवस होते. मध्यरात्रीनंतर वीज गेली, इन्व्हर्टर थोडा वेळ टिकला, आणि पाऊण वाजण्याच्या आधी संगणक बंद पडला. तोवर २,१०,००० वस्तू हलल्या होत्या, बरोबर निम्म्या. २०२४ चा हंगाम पूर्ण गेला होता, २०२३ चा तीन चतुर्थांश, आणि २०२२ ला हात लागला नव्हता.

डिस्कवर फोल्डरचं नाव बदलताना वीज गेली तर नाव एक तर बदललेलं असतं किंवा नसतं. इथे दोन लाख दहा हजार स्वतंत्र कामं झाली होती आणि तितकीच राहिली होती. या सगळ्यांना मिळून एक व्यवहार असं एस-थ्री मानत नाही, त्यामुळे मधल्या मध्ये थांबल्यावर मागे नेणारंही कुणी नसतं.

सकाळी काय दिसलं

पहिली खबर साठवणीतून आली नाही. शेतकऱ्यांचे फोन आले. एकजण अध्यक्षांना म्हणाला, ‘भाऊ, रात्री मेसेज आला, तुमच्या सापळ्यात आठाच्या वर पतंग, फवारणीचं पाहा म्हणून. मी तं कालच सापळा पाहिला, दोन बी नव्हते त्यात.’ मग असे फोन वाढत गेले.

हे मेसेज कुठून आले ते कळायला एस-थ्रीची आणखी एक बाजू कळावी लागते. बकेटमध्ये नवी वस्तू आली की एखादा छोटा प्रोग्राम आपोआप चालवता येतो. कंपनीने आकड्यांच्या फाइलवर तशी सोय केली होती: `.json` ने संपणारी वस्तू आली की आकडे वाचायचे आणि तीन रात्री मर्यादा ओलांडली असेल तर त्या सापळ्याच्या शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचा. कोणत्या घटनेवर चालायचं, तिथे `s3:ObjectCreated:*` लिहिलं होतं. त्या चांदणीत चार गोष्टी येतात: `Put`, `Post`, `CompleteMultipartUpload` आणि `Copy`. म्हणजे नव्या नावाने केलेली प्रतही ‘नवी वस्तू’ ठरते. त्या रात्री आकड्यांच्या ३०,००० फाइली नव्याने जन्मल्या, त्यातल्या १८,००० मागच्या वर्षीच्या. २०२३ मध्ये ज्या ज्या सापळ्यात पतंग वाढले होते, त्या त्या शेतकऱ्याला ते या वर्षीच्या रात्री पुन्हा कळवलं गेलं.

या प्रकरणात मला सर्वांत गंभीर वाटलं ते हे. अहवालातला रिकामा रकाना उद्या भरता येतो. पण मेसेजवर विश्वास ठेवून कुणी फवारणीला लागला असता, तर औषधाचा आणि मजुरीचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडला असता. म्हणून अध्यक्षांनी आधी मेसेजची यंत्रणा बंद करायला लावली आणि दुरुस्तीचा मेसेज पाठवला: रात्रीचा मेसेज जुन्या नोंदींचा आहे, फवारणी करू नका, स्वतः सापळा पाहून ठरवा. कृषिमित्रांनी गावोगाव फोनही केले. साठवणीकडे आम्ही त्यानंतर वळलो.

तिथे तीन गोष्टी दिसल्या. कंपनीच्या वेब-पानावर २०२४ चे फोटो उघडत नव्हते आणि २०२३ चे बरेचसे उघडत नव्हते, कारण डेटाबेसच्या तक्त्यात प्रत्येक फोटोची पूर्ण जुनी की लिहिलेली होती. दुसरी, २०२३ खाली `pandharkawada/` आणि `kelapur/` असे दोन्ही दिसत होते. तिसरी ताईंना सर्वांत चमत्कारिक वाटली: २०२४ खालचा `pandharkawada/` हलवून संपल्याचं प्रोग्रामने दाखवलं होतं, तरी तो परत आला होता आणि त्यात थोडे फोटो होते. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत रेंज नसते, तिथले मोबाइल फोटो धरून ठेवतात आणि रेंज आली की पाठवतात. अ‍ॅपला नव्या नावाची खबर नव्हती, म्हणून सकाळी ते फोटो जुन्या प्रीफिक्सने आले, आणि पहिला फोटो येताच फोल्डर पुन्हा दिसू लागला. वीज गेली नसती आणि काम सुरळीत पार पडलं असतं, तरी हे झालंच असतं.

पुढे न्यायचं, मागे न्यायचं, की तिसरं काही

वीज आल्यावर प्रोग्राम ‘उरलेलं काम पुढे चालू करू का’ असं विचारत होता. ते थांबवलं.

एक दिलासा होता. प्रोग्राम प्रत्येक वस्तूची आधी प्रत करतो आणि ती झाल्यावरच जुनी पुसतो. त्यामुळे प्रत्येक वस्तू जुन्या नावाने, नव्या नावाने किंवा दोन्हीकडे होतीच, हरवलेली एकही नव्हती. म्हणजे पुढे नेऊन पूर्ण करणं शक्य होतं. पण मग तक्त्यातल्या सगळ्या कीज बदलायच्या, अ‍ॅपची नवी आवृत्ती साठही गावांत पोहोचवायची, आणि ती पोहोचेपर्यंत जुन्या नावाने येणारे फोटो रोज गोळा करायचे. ऐन हंगामात हे नको, असं ठरलं.

मागे न्यायचं तर सगळ्यांना सुचतो तो मार्ग म्हणजे उलट रिनेम. `kelapur/` मधून `pandharkawada/` मध्ये पुन्हा २,१०,००० प्रती. पण त्या प्रती पुन्हा नव्या वस्तू ठरतात. आणि नवी वस्तू म्हणजे नवी तारीख. कंपनीने ९० दिवसांहून जुन्या वस्तू कमी भाड्याच्या ‘स्टँडर्ड-आयए’ वर्गात टाकायचा नियम लावला होता. प्रत करताना वर्ग सांगितला नाही तर ती नेहमीच्या ‘स्टँडर्ड’ वर्गात जाते आणि तिचं वय शून्यापासून मोजलं जातं. म्हणजे रात्री हललेले २०२३ चे ५४,००० मूळ फोटो, साधारण १३५ जीबी, महाग वर्गात येऊन बसले होते आणि आणखी ९० दिवस तिथेच राहणार होते. उलट प्रत केली असती तर जुन्या नावाखालीही तेच झालं असतं.

या बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे वस्तूंच्या जुन्या आवृत्त्या धरून ठेवणं, चालू होतं, आणि त्यानेच वाट काढली. व्हर्जनिंग चालू असलेल्या बकेटमध्ये साधं डिलीट केलं तर वस्तू जात नाही. तिच्यावर ‘डिलीट मार्कर’ नावाची एक खूण बसते आणि वस्तू यादीतून दिसेनाशी होते. खाली मूळ वस्तू तिच्या जुन्या तारखेसह आणि जुन्या वर्गासह तशीच असते. ती खूण काढली की वस्तू पुन्हा वर येते. यात प्रत होत नाही, त्यामुळे ‘नवी वस्तू आली’ अशी घटना घडत नाही आणि एकही एसएमएस सुटत नाही.

घाई मात्र होती. दिसेनाशा झालेल्या जुन्या आवृत्त्या १५ दिवसांनी कायमच्या पुसायचा नियम बकेटवर होता. तो सर्वांत आधी बंद केला. मग खुणांची यादी काढली, २०२३ ची अशी आणि २०२४ ची तशीच:

```
aws s3api list-object-versions --bucket sapla-photo \
  --prefix kharif-2023/yavatmal/pandharkawada/ \
  --query "DeleteMarkers[?IsLatest].[Key,VersionId,LastModified]" \
  --output text > khuna.txt
```

प्रीफिक्सच्या शेवटची तिरकी रेघ इथे विसरू नये. ती नसेल तर `pandharkawada-juna` किंवा तसल्या नावाच्या वस्तूही यादीत येतात, कारण प्रीफिक्स म्हणजे फक्त सुरुवातीची अक्षरं.

यादी तशीच वापरणंही चुकीचं ठरलं असतं. कृषिमित्र अधूनमधून धूसर फोटो पुसतात, त्यांच्याही खुणा तीत होत्या, आणि ते फोटो परत आणायचे नव्हते. म्हणून त्या रात्रीच्या वेळेतल्या खुणाच निवडल्या. एस-थ्री वेळ यूटीसीमध्ये देतं, म्हणजे आपल्या रात्री नऊला तिथे १५:३० लिहिलेलं असतं. हे लक्षात घेतलं नाही तर निवड साडेपाच तासांनी सरकते. `IsLatest` हवं ते यासाठी, की एखाद्या मोबाइलने तोच फोटो सकाळी पुन्हा पाठवला असेल तर खुणेच्या वर खरी वस्तू आलेली असते आणि तिथे काही करायचं नसतं.

खुणा काढताना किती जुळल्या ते मोजलं: २०२४ च्या ८४,००० आणि २०२३ च्या १,२६,०००. `delete-objects` एका वेळी हजार नावं घेतं, म्हणून २१० विनंत्या पुरल्या. काम काही मिनिटांचं होतं. प्रत्येक नावासोबत त्या खुणेचा `VersionId` देणं अत्यावश्यक आहे. तो राहिला तर एस-थ्री खूण काढण्याऐवजी तिच्यावर आणखी एक खूण बसवतं.

नंतर दोन्ही प्रीफिक्सच्या याद्या घेतल्या, सुरुवातीचा भाग कापला आणि उरलेली नावं, आकार आणि वस्तूचा मजकूर ओळखायला असलेले `ETag` जुळवले. `kelapur/` मधली प्रत्येक वस्तू `pandharkawada/` मध्ये सापडली, वर २०२३ च्या न हललेल्या वस्तू आणि सकाळचे उशिरा आलेले फोटो जादा. हे जुळल्यावरच `kelapur/` मधल्या प्रती त्यांच्या आवृत्ती-क्रमांकासह पुसल्या. तिथे साधं डिलीट केलं असतं तर २२५ जीबी खुणांखाली पडून राहिले असते आणि त्यांचं भाडं लागत राहिलं असतं.

खर्च नेमका कशाचा

अध्यक्षांनी बिलाचं विचारलं तेव्हा त्यांना आकडा लहान वाटला, आणि तो लहानच होता. मुंबईत स्टँडर्ड वर्गात हजार प्रतींना ०.००५ डॉलर लागतात. सगळ्या ४,२०,००० वस्तू हलल्या असत्या तरी दोन डॉलर दहा सेंट, म्हणजे दोनशे रुपयांच्या आत. पुसण्याला पैसे नाहीत. आयए वर्गातून वाचायला जीबीमागे एक सेंट, तो १३५ जीबींना १.३५ डॉलर. दुहेरी साठवणीचं भाडं थोड्याच दिवसांचं.

लक्षात घ्यायचं ते हे, की इथे किंमत आणि वेळ वस्तूंच्या संख्येवर चालतात. हेच ४५० जीबी हंगामाला एक अशा तीन मोठ्या गठ्ठ्यांत असते, तर ५ जीबीहून मोठी वस्तू तुकड्यातुकड्याने प्रत करावी लागते हे धरूनही शंभराच्या आसपास विनंत्यांत काम झालं असतं. अर्थात मग एका सापळ्याचा एक फोटो उघडता आला नसता. लहान वस्तूंची सोय हवी तर नाव बदलण्याचा भारही त्या संख्येइतकाच असतो. कोटीभर वस्तू असत्या तर प्रतींचेच ५० डॉलर झाले असते आणि सेकंदाला १६ या वेगाने आठवडा पुरला नसता. शिवाय जुने फोटो ग्लेशियरच्या संथ वर्गात असते, तर ते आधी बाहेर काढल्याशिवाय प्रतच करता आली नसती.

नाव कुठे बदललं

शेवटी ‘केळापूर’ तक्त्यात लिहिलं. डेटाबेसमध्ये एक लहान तक्ता केला: डावीकडे `pandharkawada`, उजवीकडे ‘केळापूर’. पान आणि कृषी विभागाचा अहवाल उजवीकडचं नाव दाखवतात, की जशी होती तशी आहे. एक ओळ बदलली आणि मूळ मागणी पूर्ण झाली.

मेसेजच्या यंत्रणेत दोन बदल केले. ती आता फक्त `s3:ObjectCreated:Put` वर चालते, आणि फाइलमधली नोंदीची तारीख चार दिवसांहून जुनी असेल तर मेसेज पाठवत नाही. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा मानतो, कारण रेंज नसलेल्या गावातून आठवड्याने आलेल्या नोंदीवरही फवारणीचा सल्ला जायला नको होता, आणि तो आधी जात होता.

पुढच्या हंगामाच्या कीमध्ये काय असावं यावर बरीच चर्चा झाली. ताईंचं म्हणणं होतं, गावाचा आपला क्रमांक काढून लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या सरकारी यादीतला गावाचा क्रमांक घ्यावा. अर्धं मान्य झालं. तालुक्यांची फेररचना झाली तर गाव दुसऱ्या तालुक्यात जातं, म्हणून जिल्हा, तालुका आणि गाव तिन्ही कीमधून पूर्ण काढले, सापळ्याचा क्रमांक तेवढा ठेवला. हंगाम ठेवला, कारण साठवणीचे नियम प्रीफिक्सवर लावता येतात आणि जुना हंगाम स्वस्त वर्गात टाकायला तो कामाला येतो. हंगामाचं वर्ष नंतर बदलत नाही.

```
kharif-2025/t0417/2025-09-12/1.jpg
```

याने एक सोय गेली: नुसती बकेट उघडून तालुक्याचे फोटो पाहता येत नाहीत, तक्त्यातून यावं लागतं. ताईंना हे पहिल्या महिन्यात जड गेलं, म्हणून पानावर तालुका आणि गाव निवडायची सोय करून दिली.

नाव खरंच बदलावं लागणार असेल, तर कार्यालयातल्या संगणकावरून करू नये, एवढं मी आग्रहाने सांगेन. वस्तूंची यादी देऊन एस-थ्री बॅच ऑपरेशन्सला काम सोपवलं तर प्रती त्यांच्याकडेच होत राहतात आणि इथली वीज गेल्याने काही अडत नाही. झालं-राहिलं याचा अहवालही मिळतो. पुसण्याचं काम मात्र वेगळं करावं लागतं, आणि घटनांवर चालणारे प्रोग्राम आधी थांबवावे लागतात. काही साठवणींत खरे फोल्डर असतात: अ‍ॅझ्युरच्या डेटा लेक स्टोरेज जेन-टूमध्ये आणि गुगल क्लाउड स्टोरेजच्या श्रेणीबद्ध नामरचना चालू केलेल्या बकेटमध्ये फोल्डरचं नाव एका कामात बदलतं. एस-थ्रीनेही २०२५ मध्ये `RenameObject` आणलं, पण ते एक्सप्रेस वन झोनच्या डिरेक्टरी बकेटपुरतं आणि एकेका वस्तूसाठी आहे. कंपनीच्या साध्या बकेटला यातलं काही लागू होत नाही, म्हणून तिन्ही जुने हंगाम `pandharkawada/` याच प्रीफिक्सखाली राहतील, आणि तसं कार्यालयाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.